बायोडेटा सुबक आहे, पण त्यात तपासता येईल असं काय आहे?

"उच्चशिक्षित, निर्व्यसनी, मनमिळाऊ आणि कुटुंबवत्सल. आधुनिक विचार आणि परंपरा यांचा सुंदर समतोल साधणारा. मल्टिनॅशनल कंपनीत उच्च पदावर कार्यरत. पॅकेज 12 लाख. मुंबईत स्वतःचं घर. अपेक्षा: सुस्वभावी, समजूतदार आणि अनुरूप."

हा उदाहरणादाखल तयार केलेला मजकूर आहे. पण उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरमधल्या ज्या घरात सध्या लग्नाचं वय झालेलं कुणी आहे, त्या घराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर याच धाटणीच्या चार-पाच पीडीएफ नक्की सापडतील. वर गणपतीचं चित्र, कडेला सोनेरी वेलबुट्टी आणि आत अशी वाक्यं, ज्यांत मुलाचं नाव बदललं तरी काहीच बदलणार नाही.

असा मजकूर वाचून "हे काहीतरी खोटं वाटतंय" असं म्हणणारे असतात, आणि "किती छान लिहिलंय, घर चांगलं दिसतंय" म्हणणारेही. दोघांचाही अंदाज चुकू शकतो. हा मजकूर बहुतेक वेळा मुलाने किंवा मुलीने लिहिलेलाच नसतो. तो झेरॉक्सच्या दुकानातल्या तयार नमुन्यातून येतो, बायोडेटा बनवणाऱ्या अ‍ॅपमधून येतो, विवाह संकेतस्थळाच्या फॉर्ममधून आपोआप जुळवला जातो किंवा एआयकडून लिहून घेतला जातो. त्यामुळे गुळगुळीत भाषा हा फसवणुकीचा पुरावा नाही, आणि चांगल्या घराचाही नाही. त्यातली विशेषणं गाळली तर मागे काय उरतं, ते पाहायचं.

जुन्या बायोडेटात काय होतं?

पूर्वीचा हाताने लिहिलेला बायोडेटा ओबडधोबड असायचा, पण त्यात नावं असायची. मूळ गाव आणि तालुका, वडील कुठल्या खात्यातून निवृत्त झाले, मामांचं आडनाव आणि गाव, बहीण कुठे दिली. यातलं प्रत्येक नाव म्हणजे चौकशीसाठी एक दार होतं. मामांच्या गावात कुणाचा तरी साडू निघायचा आणि दोन दिवसांत खरी माहिती हाती यायची.

या पट्ट्यात ती सोय कमी झाली आहे. बदलापूरची लोकसंख्या 2001 मध्ये लाखाच्या आत होती, 2011 च्या जनगणनेत ती पावणेदोन लाखांच्या आसपास गेली आणि त्यानंतर तर टॉवरच टॉवर उभे राहिले. कोकण, खानदेश, घाटावरून आलेली आणि मुंबईतून परवडेना म्हणून सरकलेली कुटुंबं शेजारी-शेजारी राहतात. सोसायटीत विचारलं तर "हो, गाडी पाहिलीय त्यांची" यापलीकडे फारसं कळत नाही. त्यात नव्या नमुन्यांतून मामेकुळ, गाव आणि कंपनीचं नाव गळून गेलं आणि त्या जागी स्वभावाची विशेषणं आली.

म्हणून पहिलं काम साधं आहे. वरच्या मजकुरात पेनाने रेघ मारायची. मनमिळाऊ, कुटुंबवत्सल, समतोल हे सगळं बाजूला. उरतात तीन दावे: नोकरी, पगार आणि घर. चौथी गोष्ट लिहिलेलीच नाही, ती म्हणजे आधीचं लग्न.

नोकरी आणि पॅकेज

"मल्टिनॅशनल कंपनी" हा दावा तपासता येत नाही, कंपनीचं नाव तपासता येतं. ते विचारायचं. नाव मिळालं की कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ती कधी नोंदली गेली, पत्ता कुठला आणि ती सध्या चालू आहे का, हे दिसतं. पण कंपनी खरी आहे म्हणजे मुलगा तिथे आहे असं नाही. एचआरला फोन करून फारसं हाती लागत नाही, बहुतेक कंपन्या अशी माहिती देत नाहीत.

त्यापेक्षा उपयोगी कागद म्हणजे पीएफचं पासबुक. ज्याचं खातं त्यालाच ते उघडता येतं, म्हणून ते मागून घ्यायचं नाही, समोर बसून मोबाइलवर दाखवायला सांगायचं. त्यात कोणत्या कंपनीने कोणत्या महिन्यापर्यंत वर्गणी भरली ते दिसतं. नोकरी सुटली असेल तर नोंदी तिथेच थांबतात. अर्थात ताजी नोंद चढायला वेळ लागू शकतो, त्यामुळे एखादा महिना दिसला नाही म्हणून तर्क लढवू नये. सहा महिने कोरे असतील तर मात्र विचारायला हवं.

अंबरनाथमध्ये आणखी एक प्रश्न येतो. "आयुध निर्माणीत, केंद्र सरकारी नोकरी" असं लिहिलेलं असतं. ऑक्टोबर 2021 मध्ये आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या आणि अंबरनाथची आयुध निर्माणी यंत्र इंडिया लिमिटेडकडे गेली. आधीपासूनचा कायम कर्मचारी, नंतर कंपनीने ठराविक मुदतीसाठी घेतलेला माणूस आणि ठेकेदाराकडचा कामगार हे तिघेही एकाच गेटमधून आत जातात. तिघांची नोकरी एकसारखी नाही. एमआयडीसीतल्या कारखान्यांनाही हेच लागू आहे. प्रश्न एवढाच विचारायचा: पगाराच्या स्लिपवर नाव कुणाचं आहे, कंपनीचं की ठेकेदाराचं?

आता 12 लाखांचं पॅकेज. बाराने भागून महिना एक लाख धरला जातो आणि गोंधळ इथेच होतो. पॅकेज म्हणजे सीटीसी, कंपनीला होणारा एकूण खर्च. समजा मूळ पगार त्याच्या निम्मा, म्हणजे 6 लाख आहे. कंपनीचा पीएफ वाटा 72 हजार, ग्रॅच्युइटीची तरतूद साधारण 29 हजार आणि कामगिरीवर मिळणारी रक्कम 1 लाख 20 हजार. हे वजा केलं तर 9 लाख 79 हजार उरतात, म्हणजे महिन्याला साडेएक्याऐंशी हजार. त्यातून स्वतःचा पीएफ 6 हजार आणि व्यवसाय कर 200 रुपये गेले की खात्यात येतात सुमारे 75 हजार. इथे कुणी खोटं बोललेलं नाही, तरी 25 हजारांचा फरक आहे. "पॅकेज किती" ऐवजी "खात्यात किती जमा होतात" असं विचारलं की विषय संपतो.

"मुंबईत स्वतःचं घर"

या तीन शब्दांत तीन प्रश्न आहेत. आधी "मुंबईत". बदलापूर स्टेशन सीएसएमटीपासून 68 किलोमीटर आहे. बायोडेटात मुंबई लिहिणं ही सवय झाली आहे, त्यामागे दरवेळी लबाडी नसते. पण मुलगी साताऱ्याहून येणार असेल आणि तिची नोकरी लोअर परळला असेल, तर तिला रोजची गाडी डोळ्यांसमोर ठेवून ठरवता आलं पाहिजे.

मग "स्वतःचं". घराची खरेदी नोंदवलेली असेल तर राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर, igrmaharashtra.gov.in वर, ई-सर्चमध्ये वर्ष, गाव आणि मिळकतीचा क्रमांक टाकून इंडेक्स टू पाहता येतो. त्यात घेणाऱ्याचं आणि देणाऱ्याचं नाव, रक्कम आणि तारीख असते. घर अनेकदा वडिलांच्या किंवा दोन भावांच्या नावावर निघतं. त्यात वावगं काही नाही, फक्त ते आधी माहीत हवं. कर्ज किती बाकी आहे हे इंडेक्स टूच्या खरेदी नोंदीतून कळत नाही, ते तोंडानेच विचारावं लागतं.

आणि "घर". बदलापूर-अंबरनाथमध्ये ते अजून बांधकामाखालीही असू शकतं. इमारतीचं नाव महारेराच्या संकेतस्थळावर टाकलं की बांधकाम पूर्ण होण्याची जाहीर केलेली तारीख दिसते. ती दोन वर्षं पुढे असेल, तर लग्नानंतर भाड्याच्या घरात राहायचं आहे हे उघड आहे.

उल्हासनगरचं प्रकरण वेगळं आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांसाठी लष्करी छावणीत वसलेलं हे शहर. 1949 मध्ये त्याला हे नाव मिळालं. इथे अनेक जागांची मालकी सनदेतून आलेली आहे, त्यामुळे नुसता सातबारा मागून भागत नाही. सनद आणि मालमत्ता पत्रक पाहावं लागतं. अनधिकृत बांधकामं इतकी होती की ती नियमित करण्यासाठी 2006 मध्ये खास कायदा करावा लागला. मे 2021 मध्ये इथल्या इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं दगावली. म्हणून जुन्या इमारतीतलं घर असेल तर इमारत नियमित झाली आहे का आणि स्ट्रक्चरल ऑडिट कधी झालं, हे विचारण्यात कसलाही आगाऊपणा नाही.

जे लिहिलेलंच नसतं

आधीचं लग्न किंवा चालू असलेला खटला शोधायला ई-कोर्ट्स सेवेत, services.ecourts.gov.in वर, पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो. जिल्हा, न्यायालय संकुल आणि वर्ष निवडावं लागतं, म्हणजे कल्याणसाठी वेगळा शोध, उल्हासनगरसाठी वेगळा, आणि प्रत्येक वर्षासाठी पुन्हा. मोठी मर्यादा इथेच आहे. कौटुंबिक प्रकरणांत नावं झाकलेली असू शकतात, इंग्रजी स्पेलिंग बदललं तर नोंद सापडत नाही, आणि सापडलेलं नाव नामसाधर्म्याचंही असतं. त्यामुळे काही न सापडणं म्हणजे निर्वाळा नव्हे, आणि काही सापडणं म्हणजे दोष नव्हे. घटस्फोट झाला असं सांगितलं असेल तर हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत पाहावी. "केस जवळपास संपलीय" म्हणजे लग्न अजून कायम आहे.

डेटिंग अ‍ॅपवरच्या प्रोफाइलमध्ये तर आडनावही नसतं. "प्रवास, कॉफी आणि मनमोकळ्या गप्पा" एवढ्यावर तपासायला काही नाही. तिथला निळा टिक सेल्फी आणि फोटो जुळले एवढंच सांगतो, नोकरी किंवा वैवाहिक स्थिती नाही. अशा ओळखीत व्हिडिओ कॉल आणि सार्वजनिक ठिकाणची भेट सतत टळत असेल आणि मधेच पैशांचा विषय निघाला, तर थांबावं. पैसे गेले असतील तर 1930 वर लगेच फोन करावा.

एवढं करायचं कशासाठी?

हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 नुसार, महत्त्वाची गोष्ट फसवून लपवली असेल तर लग्न रद्द करण्याची मागणी करता येते. पण फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि कळल्यानंतरही राजीखुशीने एकत्र राहिल्यास तो मार्ग बंद होतो. "काय सांगितलं होतं" हे तेव्हा सिद्ध करावं लागतं. म्हणून आलेली पीडीएफ आणि चॅट डिलीट करू नये. बायोडेटा विवाह मंडळाकडून आला असेल तर त्याची नोंदणी विचारता येते. महाराष्ट्रात 1998 च्या कायद्याने ती बंधनकारक आहे.

चौकशीलाही हद्द असते. समोरच्याचा क्रेडिट रिपोर्ट त्याच्या संमतीशिवाय काढता येत नाही आणि आधारची पूर्ण प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर मागणं दोन्हीकडून धोक्याचं आहे. पाहून परत द्यायचे कागद घरीच, समोरासमोर दाखवावेत, आणि पहिल्यांदा आपल्या बाजूचे ठेवावेत. मुलीकडच्यांनी पगाराची स्लिप विचारली तर मुलाकडच्यांनाही मुलीची विचारण्याचा तितकाच हक्क आहे. कांदेपोह्यांच्या बैठकीत हे बोलायला अवघड जात असेल तर त्याआधी मध्यस्थामार्फत दोन्ही घरांनी कागदांची एकच यादी ठरवून घ्यावी: नोकरीचा एक कागद, घराचा एक, आणि आधीचं लग्न असेल तर त्याचा.