मोबाईलमधले फोटो : अल्बम प्रसंगाचा, फाईलचं नाव तारखेचं

इंदूर : अनंत चतुर्दशीला इंदुरात कापड गिरण्यांच्या झांक्या निघतात. गिरण्या बंद पडून बरीच वर्षं झाली, पण झांक्या अजून निघतात आणि मिरवणूक रात्रभर चालते. २०२५ साली ही चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती. त्या रात्रीचे फोटो मोबाईल तारखेनं लावतो. त्यामुळे बारा वाजले, की पुढचे फोटो ७ सप्टेंबरखाली जातात आणि एकाच मिरवणुकीचे दोन तुकडे होतात.

शिवाय सण तिथीनं येतो. हीच चतुर्दशी २०२३ला २८ सप्टेंबरला होती, तर २०२४ला १७ तारखेला. काही वर्षांनी फोटो शोधताना तारीख कुणाला आठवणार? म्हणून अल्बम किंवा फोल्डर प्रसंगाचा करावा. त्याच्या नावात प्रसंग सुरू झाला ती तारीख आधी लिहावी आणि आतल्या फोटोंना तारीख-वेळेची नावं द्यावीत.

```
2025-09-06_anant-chaturdashi
  2025-09-06_2310_01.jpg
  2025-09-06_2355_01.jpg
  2025-09-07_0040_01.jpg
  2025-09-07_0040_02.jpg
```

आधी वर्षच का?

नावाप्रमाणे लावताना नाव डावीकडून वाचलं जातं. आधी दिवस लिहिला, तर सगळ्या वर्षांतल्या सगळ्या महिन्यांच्या ६ तारखा एकत्र येतात. महिन्याचं नाव इंग्रजी अक्षरांत लिहिलं, तर एप्रिल जानेवारीच्या आधी बसतो. वर्ष, महिना, दिवस, मग २४ तासांच्या घड्याळाची वेळ असा क्रम ठेवला, की रात्री १२.४०चा फोटो आपोआप ११.५५च्या मागे लागतो. एकाच मिनिटाच्या फोटोंना `01`, `02` असे दोन आकडी क्रमांक द्यावेत. नुसतं १, २ लिहिलं, तर पेनड्राईव्ह टीव्हीला लावल्यावर १०वा फोटो २ऱ्याच्या आधी दिसू शकतो.

व्हॉट्सअॅपवर आलेले फोटो

खरा घोळ इथे होतो. अँड्रॉइड फोनवर अशा फोटोचं नाव `IMG-20250907-WA0012.jpg` असं असतं. यातली तारीख फोटो काढल्याची नसून आपल्या फोनवर आल्याची असते, आणि वेळ तर नसतेच. मामांनी ६ तारखेला रात्री काढलेला फोटो सकाळी पाठवला, तर तो ७ तारखेचा होऊन बसतो. नावात `WA` दिसलं, की तारखेवर विसंबू नये.

पाठवणाऱ्याला फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावं. मूळ फाईल जशीच्या तशी येते. ते जमलं नाही, तर त्याच झांकीचा आपला फोटो शोधावा आणि मामांच्या फोटोला त्याच वेळेचं, पुढच्या क्रमांकाचं नाव द्यावं, उदाहरणार्थ `2025-09-06_2310_02.jpg`. वेळ अंदाजाची असली, तरी क्रम मिरवणुकीचाच राहतो.

फाईल कॉपी केल्यावर संगणकातली ‘तारीख’ कधीकधी बदलते. नाव मात्र बदलत नाही, म्हणून नवीन फोन घेतला तरी हा क्रम टिकतो.