भाव बांधला आणि दुकानं मध्यावर आली

परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात वालूर आहे. चक्राकार पायऱ्यांच्या बारवेमुळे अलीकडे लांबलांबची माणसं हे गाव शोधत येतात. बारव पाहून झाली की पाय गावातल्या रस्त्याकडे वळतात. अशा कुठल्याही गावात दिसणारी एक गोष्ट इथेही मनात येते: एकच माल, एकाच भावाने विकणारी दोन दुकानं रस्त्याच्या दोन अंगांना न बसता एकमेकांना खेटून का बसतात? या प्रश्नाला छापील कूळ आहे. त्या कुळात पन्नास वर्षं लपून राहिलेली एक चूकही आहे. ती चूक कळली की आपल्याकडच्या छापील किमतीकडे वेगळ्या नजरेने पाहावं लागतं.

आधी रस्ता मनात आणू. वालूरसारख्या गावातला एक सरळ रस्ता धरा, 800 मीटरचा. त्यावर दर 10 मीटरला एक, अशी 80 घरं. प्रत्येक घरातून रोज एक माणूस एक काडेपेटी किंवा मिठाची एक पिशवी आणायला निघतो. माल सारखा आणि भाव सारखा, म्हणून तो जवळच्या दुकानात जातो. दुकानं दोन आहेत. एक वेशीपासून 200 मीटरवर, दुसरं 600 मीटरवर. दोघांना चाळीस-चाळीस घरं मिळतात. कुणालाही 200 मीटरपेक्षा जास्त चालावं लागत नाही, आणि सरासरी चाल पडते 100 मीटर. गावासाठी यापेक्षा सोयीची मांडणी नाही.

पण ही मांडणी टिकत नाही. पहिला दुकानदार 300 मीटरवर सरकला, तर त्याच्या पाठीमागची घरं त्याचीच राहतात, कारण त्यांना दुसरं दुकान आणखी लांब आहे. पुढच्या अंगाला मात्र शीव बदलते. 300 आणि 600 यांचा मध्य 450, म्हणजे त्याच्याकडे 45 घरं आली आणि समोरच्याकडे 35 उरली. समोरचा स्वस्थ कसा बसेल? तो 500 वर येतो आणि पुन्हा चाळीस-चाळीस होतात. पहिला आणखी पुढे, दुसराही पुढे, असं करत दोघं 400 मीटरवर शेजारी येऊन थांबतात. तिथून जो हलेल त्याची घरं कमी होतील, म्हणून कुणी हलत नाही. गिऱ्हाइकं तेव्हाही चाळीसच होती, आताही चाळीसच आहेत. बदललं ते गावाचं चालणं: सरासरी 100 ची 200 मीटर झाली, आणि टोकाच्या घराला जाताना 400 मीटर पडू लागले. सगळ्या घरांची जाण्यायेण्याची चाल मिळवली तर रोजचे 16 किलोमीटर होते, ते 32 झाले. आणि यात कुणाचीही लबाडी नाही, हे मला सगळ्यात जास्त बोचतं.

हा विचार ज्याच्या नावाने ओळखला जातो तो हॅरॉल्ड हॉटेलिंग 1895 साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात जन्मला. आधी तो पत्रकारिता शिकला, मग गणिताकडे वळला, आणि 1924 मध्ये प्रिन्स्टनमधून डॉक्टरेट घेऊन स्टॅनफर्डच्या अन्न संशोधन संस्थेत लागला. मार्च 1929 च्या ‘इकॉनॉमिक जर्नल’मध्ये त्याचा ‘स्टॅबिलिटी इन कॉम्पिटिशन’ हा लेख आला. लेखात एक सरळ रेघ आहे. तिला गावाचा मुख्य रस्ता म्हणा, नाहीतर खंड ओलांडणारा लोहमार्ग म्हणा, असं तो सांगतो. त्या रेघेवर दोन विक्रेते आहेत आणि गिऱ्हाइकं सारख्या अंतरावर पसरली आहेत. समुद्रकिनाऱ्यावरच्या आइस्क्रीमच्या दोन गाड्यांचं जे उदाहरण वर्गात सांगतात, ते पुढच्या लोकांनी जोडलेलं आहे. हॉटेलिंगने मात्र तोच तर्क राजकीय पक्षांना, चर्चना, जोड्यांना आणि सफरचंदाच्या रसालाही लावला होता. सगळे एकमेकांसारखे का होत जातात, हा त्याचा खरा प्रश्न होता. पुढे 1948 मध्ये डंकन ब्लॅक आणि 1957 मध्ये अँथनी डाउन्स यांनी हा विचार मतदारांपर्यंत नेला. ती शाखा मोठी आहे, पण आपण दुकानातच थांबू.

आता चुकीकडे. हॉटेलिंगच्या लेखात भाव बांधलेला नव्हता. त्याचे दुकानदार आधी जागा निवडतात, मग भाव ठरवतात. त्याला एका जुन्या वादाला उत्तर द्यायचं होतं. 1883 मध्ये बर्त्राँ या फ्रेंच गणितज्ञाने म्हटलं होतं की सारखा माल विकणाऱ्या दोघांपैकी एकाने भाव जरा पाडला की सगळं गिऱ्हाईक त्याच्याकडे वळेल, मग दुसरा पाडेल, आणि नफा उरणारच नाही. हॉटेलिंगचं म्हणणं असं की प्रत्यक्षात तसं होत नाही. थोडा भाव पाडला तर शिवेवरची थोडी घरं येतात, बाकीची अंतरामुळे आपापल्या दुकानाला धरून राहतात. म्हणून भावही स्थिर राहतो आणि दुकानं मध्यावरही येतात, असं त्याने मांडलं.

इथे तो फसला. आपल्याच रस्त्यावर हिशेब करून बघू. 100 मीटर जास्तीची चाल माणसाला एका रुपयाइतकी जड वाटते असं धरा. दोघं 200 आणि 600 वर असताना हॉटेलिंगच्या गणिताप्रमाणे प्रत्येकाला एका नगामागे 8 रुपये सुटतात. चाळीस घरं, म्हणजे रोजचे 320 रुपये. आता पहिल्याला दुसऱ्याच्या पाठीमागची घरंही ओढायची असली, तर त्याला 400 मीटरची भरपाई द्यावी लागेल, म्हणजे भाव 4 रुपयांहून जरा जास्त पाडावा लागेल. मग 80 घरांकडून 4 रुपयांच्या आतच सुटतात, मिळकत 320 च्या वर जात नाही. खटपट कशाला करायची? पण दुकानं 300 आणि 500 वर आली की मधलं अंतर 200 मीटर उरतं. आता 2 रुपयांहून किंचित जास्त पाडले की सगळा रस्ता आपला. नगामागे जवळजवळ 6 रुपये, 80 घरं, म्हणजे 480 च्या आसपास. हा मोह आवरत नाही. दुसराही तेच करतो, आणि भाव कुठेच थांबत नाही. दुकानं जवळ आली की अंतराची भिंत खचते, आणि बर्त्राँचं म्हणणं खरं ठरायला लागतं.

ही खोच 1979 मध्ये उघड झाली. बेल्जियममधल्या लुवेंचे द’आस्प्रमाँ, गाब्झेविच आणि तिस या तिघांनी ‘इकॉनोमेट्रिका’त दाखवलं की दोन्ही दुकानं आपापल्या टोकापासून सारख्या अंतरावर असतील, तर भाव स्थिर राहायला ती रस्त्याच्या टोकाकडच्या पाव भागांत असावी लागतात. आपल्या रस्त्यावर तो पाव म्हणजे बरोबर 200 मीटर, जिथे दोन्ही हिशेब 320 वर येऊन मिळाले. त्यांनी आणखी एक रस्ता तपासला. लांबची चाल अंतराच्या वर्गाच्या पटीने जड होत जाते असं धरलं, तर दुकानदार मध्यावर येण्याऐवजी थेट दोन टोकांना पळतात, कारण जवळ आल्याने पेटणारी भावाची लढाई दोघांनाही परवडत नाही. म्हणजे भाव मोकळा असेल तर मध्याची ओढ टिकत नाही. ती टिकते ती भावाला खुंटी मारल्यावर.

आपल्याकडे ती खुंटी आहे. 1990 पासून बंद पाकिटावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापली जाते. नाव ‘कमाल’ असलं तरी काडेपेटी, साबण, बिस्किटं यांसाठी गावात तोच भाव धरून चालतात. परभणी कापसाचा जिल्हा, तिथे कृषी सेवा केंद्रात ही खुंटी आणखी घट्ट आहे. निंबोळी लेपाच्या युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना, आणि बीटी कापसाच्या बियाण्याची किंमत सरकार दरसाल जाहीर करतं. 2024 च्या हंगामात पाकीट 864 रुपयांचं होतं. भावाने शेजाऱ्याचं गिऱ्हाईक तोडायची सोयच नाही, म्हणून जागेची लढाई निर्धास्त लढता येते. अर्थात भाव दुसऱ्या दाराने आत येतोच. कुणी उधारी लांबवतो, कुणी सुगीपर्यंत थांबतो. उधारी हा रुपयात न लिहिलेला भावच आहे. एकाच रस्त्यावर एक दुकान रोखीचं आणि दुसरं उधारीचं असेल, तर बांधलेल्या भावाचं गणित तिथे लावू नये.

खेटून बसलेली सगळी दुकानं याच कुळातली समजू नयेत. मोंढ्याभोवती केंद्रं जमतात कारण शेतकरी माल घालायला तिथे येणारच असतो. सराफ आणि कापडवाले एका ओळीत बसतात कारण गिऱ्हाइकाला चार ठिकाणी पाहून घ्यायचं असतं. ओळखायची खूण सोपी आहे. शेजारचं दुकान कायमचं बंद पडलं तर काय होईल ते विचारा. विक्री दुप्पट होत असेल, तर ती हॉटेलिंगची जोडी. गिऱ्हाईकच त्या ओळीकडे फिरकेनासं झालं, तर ते कूळ वेगळं.

बांधलेल्या भावाचा रस्ता स्वतंत्रपणे तपासला तो अब्बा लर्नर आणि हान्स सिंगर यांनी, 1937 मध्ये. त्यांनी तिसरा दुकानदार आणला आणि मध्यावरची शांतता मोडली. तिघं 400 मीटरवर असताना प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम 27 घरं येतात. एक जण 10 मीटर बाजूला सरकला की त्याच्या अंगाची जवळजवळ चाळीस घरं त्याची. दुसरा दुसऱ्या अंगाला सरकतो आणि मधला चेपला जातो. मग तो उडी मारून बाहेरच्या अंगाला बसतो, पुन्हा कुणीतरी मधला होतो, आणि हे कधीच थांबत नाही. चार जण असले तर मात्र घडी बसते: दोन 200 वर, दोन 600 वर. गावाला सोयीच्या त्याच जागा, फक्त तिथे जोड्या.

आणखी एक मर्यादा आर्थर स्मिथीज याने 1941 मध्ये दाखवली. लांब पडलं म्हणून टोकाचा माणूस घेणंच कमी करत असेल, तर मध्याकडे सरकताना पाठीमागची विक्री गळते, आणि दुकानदार वाटेतच थांबतो. मिठासाठी माणूस 400 मीटर चालेल. चहाच्या कपासाठी चालेलच असं नाही, म्हणून मीठवाले खेटतात तिथे चहावाले थोडे विखुरलेले दिसू शकतात.

भाव सगळ्यात पक्का बांधलेला असतो तो रास्त भाव दुकानात, आणि नेमकी तिथे ही सरकासरकी नाही. दुकानाची जागा परवान्याने ठरते. पूर्वी शिधापत्रिका दुकानाला जोडलेल्या असल्याने मध्यावर सरकून घरं वाढत नसत. आता पत्रिका कुठल्याही दुकानात चालते, तेव्हा गिऱ्हाईक मोकळं झालं आहे. जागा मात्र अजून दुकानदाराच्या हातात नाही.