अँटिओकच्या गुरुजींचे एका बापाला उत्तर

बापाच्या तक्रारीचा कागद आपल्याजवळ नाही. आहे ते फक्त गुरुजींचे उत्तर, आणि तेही उरले याचे कारण गुरुजींची एक सवय. इसवी सनाच्या चौथ्या शतकात अँटिओक नगरात (आजच्या तुर्कस्तानातले अंताक्या) लिबानियस नावाचा वक्तृत्वाचा अध्यापक होता. त्याचा जन्म ३१४ चा. ३५४ मध्ये तो आपल्या गावी परतला आणि अखेरपर्यंत तिथेच शिकवत राहिला. बाहेर जाणाऱ्या पत्रांची नक्कल तो स्वतःपाशी ठेवून घेई. त्या दप्तरातून आज दीड हजारांवर पत्रे उरली आहेत, बहुतेक ३५५ ते ३६५ आणि ३८८ ते ३९३ या दोन कालखंडांतली. आलेल्या पत्रांचे असे जतन झाले नाही. त्यामुळे पालक काय म्हणत होते, हे गुरुजींच्या उत्तरावरून मागे जात जात काढावे लागते.

त्या पत्रांपैकी एक पत्र अशाच एका नाराज बापाला लिहिलेले आहे. मुलगा शिकायला अँटिओकमध्ये आणि घर दुसऱ्या गावी. मुलाला नुसते रागावले नव्हते, चाबकाने मारले होते, आणि ती बातमी घरी पोचली होती. बाप संतापला. पण पत्र नीट वाचले की लक्षात येते, त्याला मुलाच्या अंगावरच्या वळांचे दुःख फारसे नव्हते. त्या काळच्या शाळेत मार ही रोजची गोष्ट होती. त्याला लागली होती ती वेगळीच बोच. एवढी शिक्षा झाली म्हणजे पोराने काहीतरी लाजिरवाणे केले असणार, आणि चार लोकांत आपले नाव गेले! ही चिंता आपण बापाच्या तोंडी घालत नाही. गुरुजींनी अख्खे उत्तर याच शंकेभोवती रचले आहे, म्हणून ती बापाची होती असे म्हणता येते.

उत्तराची सुरुवात माफीने नाही आणि उलट आरोपानेही नाही. आपल्या शाळेत गुन्हे दोन जातींचे मानले जातात, असे लिबानियस सांगतो. पहिला, ज्याचा उच्चारही बरा नव्हे असा. तसे काही एखाद्याने केले तर त्याला मारत बसत नाही, सरळ शाळेतून काढून टाकतो, कारण त्याचा संसर्ग बाकीच्या मुलांना होईल ही भीती असते. दुसरा गुन्हा अभ्यासातल्या आळसाचा. तिथे चाबूक चालतो, कारण झोपलेल्याला जागे करायचे असते.

या वर्गवारीत उत्तराचा निम्मा भाग आलाच. मार बसला याचाच अर्थ मुलगा पहिल्या जातीतला नाही. तसा असता तर आज तो घरी असता. बापाने ज्या गोष्टीवरून सर्वांत वाईट निष्कर्ष काढला होता, तीच गोष्ट त्या निष्कर्षाच्या विरुद्ध पुरावा ठरते. ‘तुमचा मुलगा चांगला आहे’ असे गुळमुळीत आश्वासन इथे कुठेही नाही. शाळेचा नियम सांगितला आहे आणि मुलगा त्या नियमात कुठे बसतो ते दाखवले आहे.

मग येतो नेमका प्रसंग. मुलाने पुस्तक बाजूला टाकले आणि पायांचा वेग दाखवण्यात तो रमला. शिक्षा पायांवरच झाली, हेतू हा की त्याने दुसरी धाव शिकावी, जिभेची. लिबानियसची शाळा वक्तृत्वाची, तेव्हा ही कोटी त्याच्या धंद्याला साजेशी आहे. पण कोटी सोडली तरी तीन तपशील हाती राहतात: चूक कोणती, शिक्षा कुठे झाली आणि कशासाठी झाली. चूक फुगवून सांगितलेली नाही आणि मुलाच्या स्वभावावर शेरा नाही. इतर मुले कशी वागतात याची तुलनाही नाही. चिडलेल्या पालकाला लिहिताना शिक्षकाचा हात सहसा इथेच घसरतो. झालेल्या एका गोष्टीबरोबर मागच्या दहा गोष्टी बाहेर निघतात. लिबानियस एका गोष्टीवर थांबतो.

शेवटी एक विनंती आहे. तुमच्या रागाची दुसरी शिक्षा त्याला देऊ नका, आणि तो वाईट आहे असे मानू नका. मुलगा आपल्या भावाचा आदर्श डोळ्यांपुढे ठेवतो आणि तुमच्यावर त्याचे प्रेम आहे, हेही गुरुजी लिहितात. मारणारा आणि मुलाची बाजू घेणारा इथे एकच माणूस आहे.

आता, एकाच बाजूचा कागद हाती असताना त्यावर किती भिस्त ठेवायची? लिबानियसने लिहिले म्हणून ते खरे, असे धरता येत नाही. पण बापाकडे पडताळ्याची सोय होती. परगावी शिकणाऱ्या सधन घरच्या मुलाबरोबर बहुधा घरचा एक गुलाम असे. मुलाला पहाटे उठवणे, अभ्यासाला बसवणे, वर्गापर्यंत नेणे ही त्याची कामे. हा माणूस गुरुजींचा नव्हता, बापाचा होता. तो शिक्षकाला जड जाऊ शके. शिष्य मागे पडल्याचा ठपका अशाच एका सोबत्याने ठेवला, तेव्हा लिबानियसने त्याला उत्तर म्हणून एक अख्खे भाषण लिहिले. ज्या बापाचे असे कान शाळेच्या दाराशी असू शकतात, त्याला पुस्तक टाकून धावल्याची कहाणी रचून सांगणे धोक्याचे होते. म्हणून प्रसंगाचा तेवढा भाग मी विश्वासार्ह मानतो. मुलाचे मनापासून प्रेम वगैरे वाक्ये मात्र पत्रलेखनाच्या शिष्टाचारात मोडतात.

दुसरा कागद गुरुजींचा स्वार्थ उघड करतो. शिक्षकांनी आपसात करार करावा, असा प्रस्ताव मांडणारे त्याचे एक भाषण उरले आहे. तक्रार अशी: विद्यार्थी एका शिक्षकाला सोडून दुसऱ्याकडे जातात, मग शिस्त लावायची कशी? एकाला सोडून आलेल्या मुलाला दुसऱ्याने घेऊ नये, एवढेच त्याचे मागणे होते. हे भाषण शेजारी ठेवले की पत्रातला शांतपणा निव्वळ स्वभावाचा राहत नाही. नाराज बाप मुलाला उचलून प्रतिस्पर्ध्याच्या शाळेत घालू शकत होता, आणि त्यात फीबरोबर नावही जाई.

तरीही त्याने बापाची खुशामत केली, असे हा कागद म्हणू देत नाही. मारले हे तो लपवत नाही, आणि पुन्हा मारणार नाही असे वचनही देत नाही. (त्याचा हा अधिकार आज भारतातल्या शिक्षकाला नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करते.) दुसऱ्या एका बापाला तर त्याने उलट सुनावले आहे: ऐपत असून तुम्ही मुलाला पुस्तके घेऊन देत नाही, आणि पुस्तकांवाचून शिकणे म्हणजे धनुष्यावाचून तिरंदाजी शिकणे. तिथे दोष पालकाचा होता, तर त्याने तो पालकाच्याच पदरात घातला.