महिनाअखेरची तारीख (स्प्रेडशीट)

स्प्रेडशीटमध्ये कोणत्याही महिन्याचा शेवटचा दिवस काढण्याच्या दोन रीती रूढ आहेत. A2 मध्ये १५ फेब्रुवारी २०२४ ही तारीख असल्यास पुढील दोन्ही सूत्रे २९ फेब्रुवारी २०२४ हेच उत्तर देतात. लीप वर्षाचा हिशेब वेगळा करावा लागत नाही.

```
=EOMONTH(A2,0)
=DATE(YEAR(A2),MONTH(A2)+1,0)
```

पहिल्या सूत्रातला शून्य म्हणजे चालू महिना. १ दिल्यास पुढच्या महिन्याची अखेर मिळते, -1 दिल्यास मागच्या. दुसऱ्या सूत्रात पुढच्या महिन्याची ‘शून्य’ तारीख मागितली जाते. एक तारखेचा आदला दिवस तो शून्य, म्हणजेच आधीच्या महिन्याचा शेवट. डिसेंबरला महिना १३ होतो, पण DATE त्याला पुढील वर्षाचा जानेवारी मानते, त्यामुळे ३१ डिसेंबर बिनचूक येतो. एक्सेल २००३ पर्यंत EOMONTH साठी जादा टूलपॅक चालू करावा लागे. शून्याची युक्ती त्या काळात म्हणूनच उपयोगी पडे.

उत्तराच्या जागी 45351 असा आकडा दिसला तर सूत्र चुकलेले नसते, फक्त सेलला तारखेचे फॉरमॅट द्यायचे राहिलेले असते. खरी फसगत वेळेसह नोंदवलेल्या व्यवहारांत होते. EOMONTH चे उत्तर तो दिवस सुरू होतानाच्या मध्यरात्री १२ चे असते. त्यामुळे ‘<=’ लावून महिन्याची बेरीज केली की २९ तारखेला सकाळी साडेदहाला झालेली विक्री गुपचूप गळते. व्यवहाराची वेळ B2 मध्ये असेल तर तिथे ही अट हवी:

```
=B2<EOMONTH(A2,0)+1
```