सिकलसेल, पेनिसिलिन आणि नागपूरचे दहा मिलिग्रॅम

वेळणेश्वरच्या बाजूला सिकलसेलचे रुग्ण क्वचितच भेटतात. विदर्भ आणि नंदुरबार भागात मात्र ते अनेक आहेत. या मुलांची दोन रोजची औषधे कशी ठरली, त्याची ही हकिगत.

पहिले औषध पेनिसिलिन. सिकलसेलमध्ये लहानपणीच प्लीहा निकामी होऊ लागते, आणि मग न्यूमोकोकस जंतू काही तासांत मूल घेऊन जाऊ शकतो. अमेरिकेत तीन वर्षांखालच्या 215 बालकांवर तपासणी झाली. निम्म्यांना दिवसातून दोनदा 125 मिलिग्रॅम पेनिसिलिन, बाकीच्यांना औषधासारखीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. 1986 मध्ये निकाल छापून आला: औषधाविना 13 बालकांना गंभीर जंतुसंसर्ग झाला, औषध घेणाऱ्यांपैकी फक्त 2 जणांना. फरक इतका उघड होता की प्रयोग मुदतीआधीच थांबवला. तिसऱ्या वर्षानंतर मात्रा 250 होते आणि साधारण पाचव्या वर्षापर्यंत चालते. तरीही ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

दुसरे औषध हायड्रॉक्सीयुरिया. ते मुळात कर्करोगाचे, म्हणून पालक दचकतात. सिकलसेलमध्ये ते गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते, त्यामुळे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकत नाहीत. 1995 मध्ये प्रौढांमध्ये त्याचा उपयोग सिद्ध झाला. पाश्चात्त्य पद्धतीत मात्रा किलोमागे 15 ते 20 मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवतात, आणि त्यासाठी वरचेवर रक्ततपासणी लागते. खेड्यातून दर महिन्याला ती कोण करणार?

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी म्हणून वेगळा प्रश्न विचारला: किलोमागे फक्त 10 मिलिग्रॅम, न वाढवता, पुरतील का? गंभीर आजार असलेल्या 60 मुलांचा 18 महिने पाठपुरावा झाला. 2012 मध्ये छापलेल्या निकालात वेदनेचे झटके आणि रक्त देण्याची गरज दोन्ही खूप घटलेली दिसली.

हिशेब पाहू. 20 किलोच्या मुलाला 20 गुणिले 10, म्हणजे रोज 200 मिलिग्रॅम. पण कॅप्सूल 500 ची! ती अंदाजे अर्धी करू नका. डॉक्टर लहान गोळी किंवा मोजून द्यायचे द्रावण लिहून देतात. मूल 25 किलोचे झाले की मात्रा 250, म्हणून दर भेटीला वजन करायचेच. गरोदर स्त्रीने ही पूड हाताळू नये.

कमी मात्रेतही रक्ताची मोजणी सुटत नाही. सुरुवातीला महिन्याने, पुढे दोन-तीन महिन्यांनी सीबीसी करतात. त्यात न्यूट्रोफिल 1,250 च्या किंवा प्लेटलेट 80,000 च्या खाली गेले तर औषध थांबवून आठवड्याने पुन्हा मोजतात. आकडे सावरले की औषध कमी मात्रेवर परत सुरू होते. तोवर मूल बाहेरून अगदी ठणठणीत दिसू शकते, आणि नेमक्या याच काळात पालक तपासणी टाळतात.