भाड्याची अनामत : ठेव व कपातीची हिशेबनोंद

दुकान, गाळा किंवा घर भाड्याने घेताना मालकाकडे ठेवलेली, जागा सोडताना परत मिळावयाची बिनव्याजी रक्कम. व्यवहारात ‘डिपॉझिट’. भाडेकरूच्या वहीत हा खर्च नव्हे, येणे आहे. रक्कम देताना अनामत खाते नावे व बँक खाते जमा होते, आणि जागा ताब्यात असेपर्यंत ती ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूस राहते. काही लहान व्यापारी ती पहिल्याच वर्षी भाडेखर्चात घालतात. मग त्या वर्षीचा नफा उगाच घटतो आणि परतीची रक्कम पुढे उत्पन्न म्हणून उगवते.

जागा सोडताना : सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या शिलाईसाठी घेतलेला एखादा गाळा कल्पावा. अनामत ६०,००० रुपये, भाडे दरमहा १०,०००. मुदतीआधी गाळा सोडल्यावर मालक ३०,००० परत करतो आणि ‘बाकीचे जप्त’ म्हणतो. हिशेबनीसाने हा शब्द जसाच्या तसा वहीत उतरवू नये. राखलेल्या रकमेत थकलेले एक महिन्याचे भाडे १०,०००, वीजबिल ३,२००, शटर व रंगकाम ६,८०० आणि मुदत मोडल्याबद्दल १०,००० आहेत. खरी जप्ती शेवटच्या रकमेचीच. बाकी देणी अनामतीतून वळती झाली आहेत.

रोजकीर्दीत बँक ३०,००० व दुरुस्तीखर्च ६,८०० नावे, अनामत-जप्ती तोटा १०,००० नावे, आणि अनामत खाते ६०,००० जमा. भाडे व वीजबिल यांची नोंद महिनाअखेरीस देणे म्हणून आधीच झाली असेल, तर ते १३,२०० मालकाच्या देणे खात्यास नावे पडतात. पुन्हा खर्ची टाकल्यास एकच खर्च दोनदा लागतो. ही चूक बऱ्याचदा आढळते. मालकाच्या खात्यावर न फिटलेले देणे उरले असेल, तर ही चूक झाल्याचे ओळखावे.

मालकाशी वाद चालू असेल तर वादातील रक्कम येणे म्हणून ठेवता येते. वसुलीची आशा नसल्यास तरतूद करावी. गाळा सोडून वर्षे झाली तरी ताळेबंदात जुनी अनामत तशीच दिसणे हे दुर्लक्षाचे लक्षण होय.

कायदा : भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात रक्कम ठरलेली असली तरी भरपाई वाजवी असावी लागते आणि ठरलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. तसा करार नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरतात. म्हणून कपातीच्या तपशिलाची मालकाची सही असलेली चिठ्ठी हिशेबास जोडावी.

प्राप्तिकर : जप्तीचा तोटा महसुली की भांडवली, याबद्दल मतभेद आहेत.

मालकाची वही : अनामत हे देणे, राखलेली रक्कम तिच्या कारणानुसार भाडे, वसुली वा इतर उत्पन्न.