एलसीडीला तीनदा ३ का पाठवायचा? चार-बिट पद्धतीची सुरुवात, आज्ञांचा क्रम आणि थांबे

पावसाळ्यात कर्जत, खोपोली, खालापूर भागात वीज क्षणभर जाऊन लगेच परत येणे नवीन नाही. घरच्या टाकीतील पाण्याची पातळी दाखवणारे एखादे छोटे यंत्र अशा झटक्यानंतर पुन्हा सुरू होते, पण त्याच्या पडद्यावर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे दिसतात. प्लग काढून पुन्हा लावला की सगळे ठीक होते. तार, पडदा, मायक्रोकंट्रोलर यांपैकी काहीच बिघडलेले नसते. बहुतेक वेळा एलसीडी सुरू करणाऱ्या सात-आठ आज्ञांमध्ये चूक असते.

चार-बिट म्हणजे काय?

बाजारात मिळणारी १६x२ ची एलसीडी हिताचीच्या एचडी४४७८० या चिपवर किंवा तिच्याशी जुळणाऱ्या चिपवर चालते. या चिपला माहितीच्या आठ तारा आहेत, डी० ते डी७. तारा वाचवण्यासाठी डी४ ते डी७ या चारच जोडल्या, तर प्रत्येक बाइट दोन तुकड्यांत जातो. आधी वरचा अर्धा भाग, मग खालचा. या अर्ध्या भागाला निबल म्हणतात. 'ई' ही तार एकदा वर जाऊन खाली आली की चिप एक निबल वाचते.

अडचण अशी, की आलेला निबल पहिला की दुसरा, हे सांगणारी वेगळी तार नाही. चिप फक्त मनात मोजत असते. ही मोजणी एका निबलने चुकली, की पुढचे सगळे सरकते.

उदाहरणार्थ `KARJAT` हा शब्द पडद्याकडे `4B 41 52 4A 41 54` असा जातो. सुरुवातीला एक जादा निबल घुसला, तर चिप त्याच्या जोड्या `?4 B4 15 24 A4 15` अशा लावते. जपानी अक्षरे असलेल्या नेहमीच्या पडद्यावर त्यातला `B4` जपानी अक्षर होतो, `24` डॉलरचे चिन्ह होते आणि `15` च्या जागी मोकळी जागा दिसते. पडद्यावर जपानी अक्षरे उमटली की निबल सरकल्याचा संशय आधी घ्यावा.

तीनदा ३ पाठवण्यामागचे कारण

वीज पहिल्यांदा येते तेव्हा चिप आठ-बिट पद्धतीत जागी होते. पण झटका छोटा असेल किंवा नुसते रिसेटचे बटण दाबले असेल, तर मायक्रोकंट्रोलर नव्याने सुरू होतो आणि एलसीडी जुन्याच स्थितीत राहते. ती तीनपैकी कोणत्याही एका स्थितीत असू शकते. तिन्हींवर एकच उपाय लागू पडतो. `0x3` हा निबल तीनदा पाठवायचा.

पहिली स्थिती, चिप आठ-बिट पद्धतीत आहे. मग प्रत्येक `3` ही पूर्ण आज्ञा ठरते आणि तिचा अर्थ 'आठ-बिट पद्धत घे' असाच असतो. चिप आहे तिथेच राहते.

दुसरी स्थिती, चिप चार-बिट पद्धतीत आहे आणि पहिल्या निबलची वाट पाहते आहे. पहिले दोन `3` मिळून `0x33` होतो. त्याचाही अर्थ 'आठ-बिट' असाच आहे. तिसरा `3` तेच पुन्हा सांगतो.

तिसरी स्थिती, चिप चार-बिट पद्धतीत आहे आणि अर्धा बाइट घेऊन अडकली आहे. पहिला `3` तो जुना बाइट कसाबसा पूर्ण करतो. उरलेले दोन `3` मिळून `0x33` होतो.

म्हणजे सुरुवात कुठूनही झाली तरी तिसऱ्या `3` नंतर चिप नक्की आठ-बिट पद्धतीत असते. आता एकच `0x2` पाठवला की ती चार-बिट पद्धतीत येते आणि मोजणी पहिल्या निबलपासून सुरू होते.

थांबे किती?

डेटाशीटनुसार वीज ४.५ व्होल्टवर पोचल्यावर किमान १५ मिलिसेकंद थांबायचे. पहिल्या `3` नंतर ४.१ मिलिसेकंदांहून जास्त आणि दुसऱ्यानंतर १०० मायक्रोसेकंदांहून जास्त थांबायचे. पहिला थांबा इतका लांब असण्याचे कारण तिसऱ्या स्थितीत दिसते. अडकलेला अर्धा भाग `0` असेल, तर पहिल्या `3` ने `0x03`, म्हणजे 'कर्सर मूळ जागी ने' ही आज्ञा तयार होते. तिला १.५२ मिलिसेकंद लागतात आणि चिपचे घड्याळ संथ असेल तर त्याहून जास्त. तोवर पाठवलेला निबल वाया जाऊ शकतो.

नेहमीच्या आज्ञांना ३७ मायक्रोसेकंद पुरतात. पडदा पुसणारी `0x01` मात्र संथ आहे, तिच्यानंतर २ मिलिसेकंद द्यावेत.

```c
delay(50);
nibble(0x3); delay(5);
nibble(0x3); delayMicroseconds(150);
nibble(0x3); delayMicroseconds(150);
nibble(0x2); delayMicroseconds(150);
command(0x28);            // चार-बिट, दोन ओळी
command(0x08);            // पडदा बंद
command(0x01); delay(2);  // पडदा पुसा
command(0x06);            // कर्सर उजवीकडे
command(0x0C);            // पडदा चालू
```

या सगळ्या वेळी 'आरएस' ही तार शून्यावर आणि 'आरडब्ल्यू' जमिनीला जोडलेली आहे, असे इथे धरले आहे. `nibble` एक निबल ठेवून 'ई' एकदा हलवते. `command` दोन निबल पाठवून ५० मायक्रोसेकंद थांबते. आर्डुइनोची `LiquidCrystal` लायब्ररी वापरली तर `lcd.begin(16, 2)` हे काम स्वतःच करते.

काय चुकले ते कसे ओळखावे?

वरच्या ओळीत नुसते काळे चौकोन दिसत असतील, तर वीज आणि कॉन्ट्रास्ट ठीक आहेत, पण सुरुवातीच्या आज्ञा चिपपर्यंत पोचलेल्या नाहीत. काहीच दिसत नसेल, तर आधी तिसऱ्या पिनवरचा कॉन्ट्रास्ट फिरवून पाहावा. पहिली एक-दोन अक्षरे गळत असतील, तर `0x01` नंतरचा थांबा कमी पडतो आहे.

रिसेट दाबल्यावर एकदा चूक आणि एकदा बरोबर दिसत असेल, तर बहुधा प्रोग्राममध्ये तीन `3` नाहीतच, थेट `0x2` पाठवलेला आहे. चिप आधीच चार-बिट पद्धतीत असेल तर तो एकटा निबल मोजणी सरकवतो. पुढच्या रिसेटला आणखी एक निबल जातो आणि मोजणी पुन्हा जुळते.

म्हणून यंत्र बसवण्यापूर्वी प्लग न काढता, पडद्यावर अक्षरे लिहिली जात असतानाच दहा-पंधरा वेळा रिसेट दाबून पाहावे. दर वेळी मजकूर नीट आला तर क्रम बरोबर आहे.

एक मर्यादा मात्र उरते. पाण्याचा पंप सुरू होताना तारांत झटका शिरून 'ई' खोटी हलू शकते. तेव्हा मायक्रोकंट्रोलर रिसेट होत नाही, त्यामुळे वरचा क्रमही आपोआप चालत नाही. पंपाशेजारच्या यंत्रात हा क्रम दर काही मिनिटांनी पुन्हा चालवावा आणि मजकूर नव्याने लिहावा. पडदा क्षणभर लुकलुकेल, पण चुकलेली मोजणी आपोआप जुळेल.